हातचा डोक्यात नाही, दांडीवर

अ‍ॅबॅकसच्या वर्गाला जाणाऱ्या एखाद्या मुलाला सहात सात मिळवायला सांगा आणि त्याची बोटं नीट पाहा. सात मणी ते कुठेच सरकवत नाही. आधी दोन मणी वर ढकलतं, लगेच एक मणी पट्टीपासून दूर करतं आणि मग शेजारच्या दांडीवरचा एक मणी वर चढवतं. चौकटीवर तेरा उमटलेले असतात. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं. सहा आणि सात मिळून तेरा होतात, हे या सगळ्यात त्या मुलाने मनात एकदाही म्हटलेलं नसतं.

पाहणाऱ्याला ही हातचलाखी वाटते. आई-वडिलांनी विचारलं, तर मूल सांगतं, ‘सातचा बिग फ्रेंड तीन, मग तीन मायनस, पण तीन जात नाहीत, म्हणून स्मॉल फ्रेंड.’ उत्तर बरोबर असतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यामुळे अ‍ॅबॅकस म्हणजे पाठ केलेल्या बोटांच्या हालचाली, असा समज घरोघरी पक्का झाला आहे. हा समज चुकीचा आहे. त्या तीन हालचालींमागे एकच कारण आहे आणि ते चौकटीच्या बांधणीत आहे. या चौकटीत कुठल्याही एका दांडीवर दहा मांडताच येत नाहीत, क्षणभरसुद्धा नाहीत. हे एकदा ध्यानात आलं, की हातच्याचं सगळं शास्त्र आपोआप उलगडत जातं.

इथे मी बोलतो आहे ते जपानी अ‍ॅबॅकसबद्दल, म्हणजे सोरोबानबद्दल. आपल्याकडच्या वर्गांत मुलांच्या हाती असतो तो हाच. एक लांबट चौकट, तिच्यात ओळीने उभ्या दांड्या, आणि सगळ्या दांड्यांना छेदत जाणारी एक आडवी पट्टी. पट्टीच्या वर प्रत्येक दांडीवर एकच मणी, पट्टीच्या खाली चार. वरच्या मण्याची किंमत पाच, खालच्या प्रत्येकाची एक. मणी पट्टीला चिकटला तरच मोजायचा. पट्टीपासून लांब असला तर तो नसल्यासारखाच. म्हणजे खालचे तीन मणी पट्टीला टेकले तर तीन. वरचा एकटा टेकला तर पाच. वरचा आणि खालचे तीन टेकले तर आठ. सगळे पाचही मणी टेकले तर नऊ, आणि तिथे दांडी भरली. उजवीकडची दांडी एककाची धरली, तर तिच्या डावीकडे दशक, मग शतक, मग हजार, अगदी आपण कागदावर लिहितो तसं.

बांधणी इतकी काटकसरीची पहिल्यापासून नव्हती. सोरोबानचा पूर्वज चीनमधला सुआनपान. त्याच्या प्रत्येक दांडीवर वर दोन आणि खाली पाच मणी असतात. म्हणजे एका दांडीवर दोन पाचे दहा आणि खालचे पाच मिळून थेट पंधरापर्यंत मांडता येतं. सोळाव्या शतकात हे साधन जपानमध्ये पोहोचलं. पुढे जपान्यांनी वरच्या दोन मण्यांतला एक काढून टाकला. बऱ्याच काळाने, विसाव्या शतकात, खालच्या पाचांतलाही एक काढला. १९३०च्या दशकात शाळेच्या गणितात एक-चारचा हा सोरोबान आला आणि तोच रूढ झाला.

मणी कमी करून मिळवलं काय? सुआनपानवर पाच दोन तऱ्हांनी मांडता येतात: वरचा एक मणी, नाहीतर खालचे पाच. दहा मांडायचे तर आणखी पर्याय. डोळ्यांना दर वेळी ठरवावं लागतं, की समोर दिसतंय ते काय आहे. एक-चारच्या सोरोबानवर शून्य ते नऊ या प्रत्येक अंकाचं एकच रूप असतं, दुसरं शक्यच नाही. वरच्या मण्याच्या दोन जागा आणि खालच्या मण्यांच्या पाच स्थिती, दोन पंचे दहा. दहा अंकांना दहाच आकृत्या, एकही वाया नाही आणि एकही कमी नाही. त्यामुळे सरावलेला माणूस मणी मोजत नाही, तो अंक वाचतो.

या काटकसरीची किंमत मात्र बेरजेत चुकवावी लागते. सुआनपानवर सहात सात मिळवताना तेरा तात्पुरते त्याच दांडीवर ठेवून पुढे जाता येतं. हातचा नंतर दिला तरी चालतं. आपल्या बालवाडीतल्या दहा-दहा मण्यांच्या पाटीवरही दहा मणी एका तारेवर गोळा करून मग ‘दहा गेले, शेजारी एक आला’ असं करता येतं. सोरोबानवर ती सोयच नाही. सहा मांडलेल्या दांडीवर खालचे फक्त तीन मणी मोकळे उरतात. सात मावणारच नाहीत. मग करायचं काय?

किराणा दुकानात आपण जे करतो, तेच. सात रुपये द्यायचे आहेत आणि खिशात सुटे नाहीत. आपण दहाची नोट देतो आणि तीन परत घेतो. दुकानदाराला सातच मिळाले. सोरोबानवरही सात मिळवायचे म्हणजे डावीकडच्या दांडीवर एक मणी चढवून दहा द्यायचे आणि आपल्या दांडीवरून तीन काढून घ्यायचे. वर्गात ज्याला बिग फ्रेंड म्हणतात, तो हा परत आलेला तीन: दहाला पुरं करणारा जोडीदार. नऊचा एक, आठचा दोन, सातचा तीन, सहाचा चार, पाचचा पाच. पाच जोड्या, यापलीकडे हातच्यासाठी काही पाठ करायचं नाही.

याच धर्तीवर एक लहान नियम दांडीच्या आतही चालतो. दांडीवर खालचे चारही मणी वर आहेत आणि आणखी एक मिळवायचा आहे. खाली मणीच शिल्लक नाही. मग वरचा पाचचा मणी खाली आणायचा आणि जास्त आलेले चार काढायचे. तीनवर दोन मिळवायचे असले तर पाच आणून तीन काढायचे. इथे पाचाला पुरं करणारे जोडीदार लागतात: एक-चार आणि दोन-तीन. हेच स्मॉल फ्रेंड. म्हणजे दहाच्या पाच आणि पाचाच्या दोन अशा एकूण सात जोड्या. कागदावर बेरीज करणाऱ्या मुलाला एक ते नऊ अंकांच्या पंचेचाळीस बेरजा मनात तयार ठेवाव्या लागतात. सोरोबानवर सात जोड्या पुरतात, बाकीचं काम मणी करतात.

आता एक बेरीज सावकाश करून पाहू. ३८६ मध्ये २४७ मिळवायचे.

आधी चौकट कोरी करायची. तिची वरची कड थोडी उचलून चौकट आपल्याकडे तिरकी केली, की सगळे मणी आपल्या बाजूला घरंगळतात. खालचे मणी पट्टीपासून सुटतात, पण वरचे मणी पट्टीवर येऊन बसतात. मग चौकट सपाट ठेवून तर्जनी पट्टीच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे सरळ ओढायची. वरचे सगळे मणी टकटक आवाज करत वर जातात. डावा हात चौकट धरायला, काम उजव्याच्या दोन बोटांचं. खालचे मणी वर चढवायचे ते अंगठ्याने. ते खाली उतरवायचे आणि वरचा मणी दोन्हीकडे हलवायचा तो तर्जनीने. अंगठ्याचं काम तर्जनीने केलं तरी उत्तर चुकत नाही, पण वेग कधीच येत नाही, आणि अर्धवट सरकलेले मणी इथूनच सुरू होतात.

३८६ मांडलं. शतकाच्या दांडीवर खालचे तीन. दशकाच्या दांडीवर वरचा एक आणि खालचे तीन. एककाच्या दांडीवर वरचा एक आणि खालचा एक.

बेरीज सुरू होते डावीकडून, शतकापासून. शतकाच्या दांडीवर तीन आहेत, दोन मिळवायचे. खाली एकच मणी मोकळा आहे, दोन मावत नाहीत. पण तीन आणि दोन पाच; म्हणजे दांडी भरलेली नाही, फक्त खालचा भाग अपुरा आहे. इथे लहान जोडी लागते. तर्जनीने वरचा मणी खाली, आणि त्याच ओघात खालचे तीन मणी खाली. दांडीवर उरला एकटा पाचचा मणी. चौकटीवर आता ५८६.

पुढे दशक. आठ आहेत, चार मिळवायचे. खाली एक मणी मोकळा, वरचा आधीच वापरात. दांडी उतू जाणार. चारचा दहातला जोडीदार सहा. म्हणून आठातून सहा काढायचे: तर्जनीने खालचा एक मणी उतरवायचा आणि वरचा मणी वर सारायचा. उरले खालचे दोन. लगेच डावीकडे जाऊन शतकाच्या दांडीवर अंगठ्याने एक मणी वर. पाचचे सहा झाले. चौकटीवर ६२६.

शेवटी एकक, आणि इथे ती सुरुवातीची गुंतागुंत. सहा आहेत, सात मिळवायचे. जोडीदार तीन. तीन काढायचे, पण सहा म्हणजे वरचा पाच आणि खालचा एकच मणी. खालून तीन काढता येत नाहीत. मग पाचच्या मण्यातून तीन सुटे करायचे. पाच काढून दोन परत ठेवले, की तीन गेले. अंगठ्याने खालचे दोन मणी वर, तर्जनीने वरचा मणी पट्टीपासून दूर. खाली तीन उरले. मग डावीकडे दशकावर अंगठ्याने एक मणी. दोनाचे तीन झाले. चौकटीवर ६३३, आणि हेच उत्तर.

या तिसऱ्या पायरीवर मुलं सगळ्यांत जास्त अडखळतात. कारण मनात ‘मिळवा’ असतं, हात ‘काढा’ करत असतो आणि काढताना पुन्हा अंगठा मणी ‘चढवत’ असतो. पण ही अडचण दिसते तितकी सर्वदूर नाही. ती येते फक्त दांडीवर पाच ते आठ असताना आणि सहा ते नऊ मिळवताना, तेही सगळ्या जोड्यांत नाही. सहा मिळवताना दांडीवर पाच, सहा, सात किंवा आठ असतील तर. सात मिळवताना पाच, सहा, सात असतील तर. आठ मिळवताना पाच किंवा सहा असतील तर. नऊ मिळवताना फक्त पाच असतील तर. एकूण दहा प्रसंग. चांगले शिक्षक हे दहा प्रसंग वेगळे काढून त्यांचाच सराव घेतात. वह्याच्या वह्या भरून घेण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी योग्य वाटतो, कारण बाकीच्या हालचाली मुलाला आलेल्याच असतात आणि पानं भरताना वेळ त्यांच्यावरच खर्च होतो.

आता क्रमाचा मुद्दा. हातचा देताना आधी आपल्या दांडीवरून जोडीदार काढायचा आणि मगच डावीकडे एक द्यायचा. उलट का नाही? उत्तर तर तेच येईल. कारण हाताच्या प्रवासात आहे. हात आधीच एककाच्या दांडीवर आहे. तिथलं काम उरकून डावीकडे गेला आणि तिथून थेट पुढच्या आकड्याकडे वळला, तर एक फेरी वाचते. आधी डावीकडे जाऊन परत उजवीकडे यायचं म्हटलं, तर प्रत्येक हातच्याला एक जास्तीची ये-जा. एका बेरजेत फरक कळणार नाही. आकड्यांची लांब रांग असली की कळतो. वजाबाकीत हाच क्रम उलटा होतो. तिथे आधी डावीकडून दहा आणायचे आणि मग जोडीदार इकडे परत ठेवायचा. दोन्हींत हात एकाच शिस्तीने चालतो.

आणि डावीकडून का? शाळेत तर आपण एककापासून सुरुवात करतो. कागदावर शतकाचा अंक आधी लिहून टाकला आणि मागून दशकातून हातचा आला, तर लिहिलेला अंक खोडावा लागतो. ती खाडाखोड टाळायची म्हणून उजवीकडून यायचं आणि हातचा डोक्यात किंवा अंकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ठेवायचा. हा नियम कागदाचा आहे, बेरजेचा नाही. मण्यांना खाडाखोड नसते. शतकावरचे पाच सहा करायला एक मणी ढकलायचा, बस्स. आपल्याकडेही धुळीच्या पाटीवर अंक बोटाने पुसून बदलता येत होते, आणि भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त बेरीज एककाकडून किंवा उलट बाजूने, कशीही करावी अशी मुभा दिलेली आहे.

डावीकडून जाण्याचा खरा लाभ ऐकून बेरीज करताना दिसतो. जपानमध्ये वाचणारा आकडे मोठ्याने म्हणत जातो आणि बसलेले सगळे मणी हलवत जातात. या प्रकाराला योमिआगेझान म्हणतात. आकडा उच्चारला जातो मोठ्या स्थानापासून, त्यामुळे हजार कानावर पडताच हजाराची दांडी हलते. शेवटच्या आकड्याचा एकक ऐकू आला, की उत्तर समोर तयारच असतं. मराठीत मात्र एक अडचण आहे. दोनशे सत्तेचाळीस म्हणताना शतक आधी येतं, पण पुढे सात आधी आणि चाळीस नंतर ऐकू येतात. मराठीतून आकडे सांगून सराव घेताना मूल दशक-एककात उलटापालट करतं ते यामुळे. त्याला आकडा पूर्ण ऐकू द्यावा, मग बोट हलवू द्यावं.

हातच्याची खरी परीक्षा तेव्हा होते, जेव्हा डावीकडची दांडीही भरलेली असते. ४९६ मध्ये ८ मिळवा. एककावर सहा, आठचा जोडीदार दोन, खालून दोन निघत नाहीत, म्हणून खालचे तीन वर आणि वरचा मणी दूर. उरले चार. आता दशकावर एक द्यायचा, पण तिथे नऊ आहेत, पाचही मणी पट्टीला चिकटलेले. एकचा जोडीदार नऊ. म्हणजे नऊच्या नऊ काढायचे, दांडी पूर्ण मोकळी करायची आणि एक आणखी डावीकडे द्यायचा. तिथे शतकावर चार आहेत, खाली जागाच नाही. म्हणून पाचचा मणी खाली आणि चार उतरले. उत्तर ५०४. एका आठाने तिन्ही दांड्या हलवल्या. पण पाहा, एकाही टप्प्यावर नवा नियम लागला नाही. हातचा म्हणजे शेजारच्या दांडीवर मिळवलेला साधा एक, आणि त्यालाही तेच दोन प्रश्न विचारायचे: खाली जागा आहे का, नसेल तर दांडीत जागा आहे का? नऊंची रांग कितीही लांब असली, तरी प्रत्येक नऊ मोकळा करत पहिल्या बिगर-नवापर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं.

इतकं सगळं सुटसुटीत आहे, तर चुका कुठे होतात? सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे जोडीदार काढला, पण डावीकडे एक द्यायचा राहिला. दशकाचा हातचा बुडाला तर उत्तर नेमकं दहाने कमी येतं, शतकाचा बुडाला तर शंभराने. दुसरी चूक याच्या उलट: डावीकडे एक दिला आणि इकडचे काढायचे विसरले. मग सातऐवजी दहा मिळवले जातात आणि उत्तर तीनने जास्त होतं. तिसरी चूक मण्यांची. एखादा मणी ना पट्टीला टेकलेला, ना दूर गेलेला, मधेच लटकलेला राहतो आणि वाचताना डोळा त्याला हवा तसा धरतो. म्हणूनच चांगल्या सोरोबानचे मणी दोन्ही बाजूंना निमुळते आणि मधे धारदार असतात. बोटाला पकड मिळते आणि शेजारच्या मण्याला धक्का लागत नाही. जपानमध्ये असे मणी बर्च किंवा अशाच कठीण लाकडाचे करतात आणि दांड्या बांबूच्या, कारण बांबूवर मणी गुळगुळीत सरकतो, पण ठेवल्या जागी थांबतोही. प्लॅस्टिकच्या स्वस्त चौकटीत मणी फार सैल असतील, तर टेबलाला धक्का लागताच आकडा बदलतो. चौकट घेताना हे हलवून पाहावं.

चौथी चूक दांडी चुकण्याची. पट्टीवर दर तीन दांड्यांनंतर एक ठिपका असतो. त्यांतली एक ठिपक्याची दांडी एकक धरायची, म्हणजे पुढचा ठिपका हजारावर आणि त्यापुढचा दशलक्षावर पडतो. ही पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वल्पविरामांची विभागणी झाली. आपला लाख आणि कोटी त्या ठिपक्यांवर बसत नाहीत. त्यामुळे सात-आठ आकडी संख्या मांडताना आपल्या मुलांनी ठिपक्यावर विसंबून न राहता एककापासून दांड्या मोजलेल्या बऱ्या.

चूक पकडायची एक जुनी युक्ती आहे: नऊ टाकणे. ३८६ च्या अंकांची बेरीज सतरा, तिची पुन्हा आठ. २४७ ची तेरा, तिची चार. आठ आणि चार बारा, त्याचे तीन. उत्तराच्या ६३३ ची बेरीज बारा, त्याचेही तीन. जुळलं. बुडालेला हातचा या चाळणीतून सुटत नाही, कारण दहा किंवा शंभर कमी झाले की अंकांच्या बेरजेत एकाचा फरक पडतोच. पण दशकाचा हातचा चुकून शतकावर दिला, तर दहाऐवजी शंभर मिळवले जातात. फरक नव्वदचा. नव्वदाला नऊने पूर्ण भाग जातो आणि ही चूक चाळणीतून निसटते. दांडी चुकण्याची बहुतेक प्रकरणं अशीच नव्वद, नऊशेच्या फरकाची असतात. म्हणून जाणकार नऊ टाकण्यावर थांबत नाहीत. तीच यादी खालून वर पुन्हा करतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच लिहितात.

पुन्हा करण्यावाचून गत्यंतरही नसतं, आणि ही या साधनाची मोठी मर्यादा आहे. सोरोबान फक्त आत्ताचं उत्तर दाखवतो. ३८६ कुठे होते, २४७ कधी आले, याचा कसलाही माग उरत नाही. कागदावर चुकलेली पायरी सापडते. इथे मागे जाता येत नाही. हिशेब तपासणाऱ्याला सोरोबानवरचं उत्तर पुरत नाही, त्याला कागदावरची यादी लागतेच.

मात्र निव्वळ बेरजेच्या वेगात हे साधन फार काळ यंत्रांना पुरून उरलं. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत अमेरिकी लष्कराच्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या वृत्तपत्राने एक सामना भरवला. एका बाजूला जपानच्या टपाल खात्यातले कियोशी मात्सुझाकी सोरोबान घेऊन, दुसऱ्या बाजूला अमेरिकी सैनिक थॉमस वूड विजेवर चालणारं गणनयंत्र घेऊन. निकाल लागला ४-१, सोरोबानच्या बाजूने. यंत्राने जिंकला तो एकच प्रकार, गुणाकाराचा. बेरजेत यंत्र मागे पडलं, यात नवल नाही. यंत्रात प्रत्येक आकडा आधी बटणं दाबून भरायचा आणि मग मिळवायचा. सोरोबानवर आकडा मांडणं आणि मिळवणं ही एकच क्रिया आहे.

घरात चौकट असेल तर आजच करून पाहा. आधी १ ते १० ओळीने मिळवा, ५५ यायला हवेत. मग १ ते ३६, उत्तर ६६६. तिन्ही दांड्यांवर एकच आकृती दिसेल, त्यामुळे चूक लगेच कळते. मग १ ते १००. त्यात हातच्याचे सगळे प्रकार येऊन जातात. उत्तर ५०५० आलं पाहिजे. ५०४० आलं, तर दशकाचा एक हातचा वाटेत द्यायचा राहिला आहे.